तांबड्या चौकटीत नेमके काय बसवायचे?
दुर्गम भागातील छोट्या बांधकामासाठी जोखमीचा रंगतक्ता भरताना

भामरागड तालुक्यातील एखाद्या आडगावात अंगणवाडीची इमारत बांधायची आहे, असे समजू. अंदाजपत्रक २४ लाखांचे. त्यातील सव्वा लाख रुपये अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवलेले. काम नोव्हेंबरात सुरू करून पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकायचा आहे. अशा कामाच्या कागदपत्रांत आता बहुधा एक रंगीत तक्ता जोडलेला असतो. त्याच्या एका बाजूला धोका घडण्याची शक्यता, दुसऱ्या बाजूला त्याचा परिणाम, दोन्हींना एक ते पाच असे गुण आणि त्यांच्या गुणाकारावरून हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा तांबडा रंग. यालाच 'रिस्क मॅट्रिक्स' किंवा 'हीट मॅप' म्हणतात. तक्ता दिसायला सोपा असतो. मात्र तो बेफिकिरीने भरला, तर पैसा आणि लक्ष दोन्ही भलत्याच ठिकाणी खर्ची पडतात.

जे ठरलेलेच आहे, ती जोखीम नव्हे

पहिली गल्लत यादी करतानाच होते. भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेले. पर्लकोटेला पूर आला, की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे तेथे नवे नाही. २०१९च्या पावसाळ्यात तर तो वारंवार तुटला. आतल्या गावांची वाट छोटे नालेही अडवतात. तेव्हा 'पावसाळ्यात रस्ता बंद' ही जोखीम नसून वेळापत्रकातील गृहीत गोष्ट आहे. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम सुरू झाला, की स्थानिक मजूर तिकडे वळतात, हेही तसेच. खरी जोखीम वेगळी आहे : रस्ता बंद होण्याआधी स्लॅब पुरा न होणे.

जमिनीची परवानगी हीदेखील गुण देण्याची बाब नाही. २००६च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) नुसार अंगणवाडीसारख्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. अट अशी, की हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. ही पूर्तता झालेली असते किंवा नसते. नसेल, तर काम सुरूच करायचे नसते. तेथे 'मध्यम शक्यता' लिहिण्यात अर्थ नाही.

आठ हा नऊपेक्षा मोठा

आता दोन खऱ्या जोखमी घेऊ. पहिली, काँक्रीटचा मिक्सर बिघडून दुरुस्तीसाठी काम खोळंबणे. दुसरी, स्लॅबपूर्वीच पाऊस येणे. समजा, तक्त्यात २० ते ५० टक्के शक्यतेला तीन आणि ५ ते २० टक्के शक्यतेला दोन गुण आहेत. परिणामाच्या बाजूला ५० हजार ते दीड लाखाच्या नुकसानीला तीन, तर दीड ते चार लाखांच्या नुकसानीला चार गुण आहेत.

मिक्सर बिघडण्याची शक्यता २५ टक्के आणि नुकसान ६० हजार धरले, तर गुण होतात तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ. स्लॅब रखडण्याची शक्यता १८ टक्के आणि नुकसान ३ लाख ८० हजार धरले, तर दोन गुणिले चार, म्हणजे आठ. तक्ता सांगतो, मिक्सरची काळजी आधी करा. प्रत्यक्ष हिशेब मात्र उलट आहे. मिक्सरचे सरासरी अपेक्षित नुकसान १५ हजार रुपये येते, तर स्लॅबचे ६८ हजार ४००.

हे असे का होते? गुण हे केवळ क्रमांक आहेत. शर्यतीत चौथा आलेला धावपटू दुसऱ्याच्या दुप्पट वेळ घेतो, असे नसते; तसेच चार गुणांचे नुकसान दोन गुणांच्या नुकसानीच्या दुप्पट नसते, ते कितीतरी पट असू शकते. शिवाय एकाच चौकटीत दीड लाख आणि चार लाख यांना सारखेच गुण मिळतात. टोनी कॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने २००८ मध्ये 'रिस्क अ‍ॅनालिसिस' या नियतकालिकात हा दोष गणिताने मांडला. वारंवार घडणारे धोके किरकोळ आणि क्वचित घडणारे धोके गंभीर अशी स्थिती असेल, तर असा तक्ता निव्वळ अंदाजापेक्षाही वाईट क्रम लावू शकतो, असे त्यांनी दाखवले. बांधकामावर नेमकी हीच स्थिती असते.

शब्दांऐवजी मोजणी

उपाय तक्ता फेकून देण्याचा नाही. चौकटींना अर्थ देण्याचा आहे. 'क्वचित', 'संभाव्य' हे शब्द अभियंता एका अर्थाने घेतो, कंत्राटदार दुसऱ्या. त्याऐवजी प्रश्न असा विचारावा : गेल्या अकरा वर्षांत स्लॅबच्या नियोजित तारखेआधी काम थांबवणारा पाऊस किती वेळा झाला? गावातील जाणत्यांकडून आणि तालुक्याच्या पर्जन्यनोंदीतून उत्तर 'दोनदा' असे आले, तर शक्यता होते सुमारे १८ टक्के.

हा आकडाही ताणून धरू नये. अकरा वर्षे ही तुटपुंजी नोंद आहे. दोनऐवजी एकदा किंवा चारदा पाऊस झाला असता, तरी नवल नव्हते. म्हणजे शक्यता ९ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल. तक्त्यात ती एका ठिपक्याने न दाखवता दोन चौकटींवर पसरलेल्या पट्ट्याने दाखवावी. ९ टक्के धरले तरी अपेक्षित नुकसान ३४ हजारांवर जाते, मिक्सरच्या दुपटीहून अधिक. क्रम बदलत नाही, म्हणून निर्णय निर्धास्तपणे घेता येतो. क्रम बदलत असता, तर आधी अधिक माहिती मिळवणे हेच पहिले काम ठरले असते.

रंगाची सीमा कोणी ठरवायची?

रंगांच्या सीमा धोके मांडण्यापूर्वी ठरवाव्यात. नाहीतर नकोसा तांबडा ठिपका पिवळ्यात सरकवण्याचा मोह होतो. छोट्या कामासाठी साधा नियम पुरतो. ज्या एका घटनेचे नुकसान राखीव रकमेहून मोठे आहे, ती शक्यता कमी असली तरी हिरवी होऊ शकत नाही. येथे राखीव सव्वा लाख आणि स्लॅब रखडल्यास नुकसान पावणेचार लाखांवर, जागा तांबड्यातच.

जीविताचा प्रश्न तर रुपयांच्या पट्टीवर आणूच नये. परांचीवरून मजूर पडून दगावण्याला शक्यता एक, परिणाम पाच, म्हणजे पाच गुण मिळतात. सिमेंटची काही पोती ओलीने गोठण्याला शक्यता पाच, परिणाम एक. गुण पुन्हा पाचच. दोन्ही एकाच रंगात दिसणे हा तक्त्याचा सर्वांत मोठा दोष. जीवघेण्या धोक्यांची यादी स्वतंत्र ठेवावी आणि प्रत्येकापुढे फक्त उपाय व तपासणाऱ्याचे पद लिहावे.

शेवटी उपायाचा हिशेब. २५ हजारांची पत्र्याची शेड उभारून सळई, वाळू, गिट्टी फेब्रुवारीतच गावात पोहोचवली आणि स्लॅब अलीकडे आणला, तर रखडण्याची शक्यता १८ वरून ४ टक्क्यांवर येईल, असे समजू. वाचणारे अपेक्षित नुकसान ५३ हजार २००. खर्च वसूल होतो. मात्र सिमेंट फार आधी आणू नये. तीन महिन्यांहून अधिक साठवलेल्या सिमेंटची ताकद वापरापूर्वी पुन्हा तपासावी लागते. म्हणजे उपाय स्वतःची एक नवी जोखीम घेऊन येतो आणि तिलाही तक्त्यात जागा द्यावी लागते. कार्यारंभ आदेश नोव्हेंबरऐवजी जानेवारीत हाती पडला, तर १८ टक्क्यांचा आकडाच निकालात निघतो. त्या दिवशी तक्ता नव्याने भरावा. जुन्या तक्त्याचे रंग तेव्हा कामाचे राहत नाहीत.