टायटर किती आला?

डायलिसिसच्या रुग्णाची फाइल चाळली की लसीकरणाचे पान सापडते. हिपॅटायटिस बीच्या ओळीत चार तारखा असतात आणि त्यांच्यापुढे चार सह्या. त्याच ओळीच्या टोकाला आणखी एक रकाना असतो, ‘टायटर’ नावाचा. तो अनेकदा कोरा असतो. चार इंजेक्शने घेतली म्हणजे काम झाले, असे रुग्णाला वाटते, घरच्यांना वाटते आणि कधी कधी युनिटमधल्यांनाही वाटते. पण किडनी निकामी झालेल्या माणसाने लस घेतली की नाही, हा प्रश्न अर्धाच आहे. ती लस त्याच्या अंगात लागू पडली का, हे त्या कोऱ्या रकान्यातल्या आकड्यावरून कळते.

डायलिसिस म्हणजे रक्ताचा व्यवहार. आठवड्यातून दोनदा-तीनदा शरीरातले रक्त नळीतून बाहेर काढायचे, शुद्ध करायचे आणि परत आत सोडायचे. एका खोलीत दहा-बारा माणसांचा हा व्यवहार एकाच वेळी चालू असतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून पसरतो आणि वाळलेल्या रक्ताच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही निदान सात दिवस तग धरतो. मशीनचे बटण, चिमटा, सिस्टरचा न बदललेला हातमोजा, एवढे त्याला पुरते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे 1969-70 मध्ये डायलिसिस विभागात या काविळीची साथ आली, तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. त्या काळात लस नव्हती. संसर्ग झालेल्यांचे मशीन वेगळे ठेवणे, हातमोजे बदलणे आणि सगळ्यांचे रक्त ठरावीक काळाने तपासणे, एवढेच हातात होते. हे नियम आजही आहेत. लस त्यांच्या जोडीला आली.

आजची लस यीस्ट पेशींकडून बनवून घेतात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातले एक प्रथिन, एवढाच ऐवज तिच्यात असतो. जिवंत किंवा मेलेला विषाणू तिच्यात नसल्यामुळे तिच्यापासून कावीळ होऊच शकत नाही. शरीराने हे प्रथिन ओळखायचे आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची, म्हणजे पुढे खरा विषाणू आला तर तो तिथेच अडतो. निरोगी तरुण माणसात तीन डोसांनंतर दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांत हे नीट घडते.

किडनीच्या रुग्णात इथेच अडते. लघवीवाटे जायला हवी ती घाण रक्तात साचली की रोगप्रतिकारक पेशी मंदावतात. परक्या प्रथिनाचा तुकडा उचलून इतरांना दाखवणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, आणि प्रतिपिंडे बनवायला हुकूम देणाऱ्या टी-पेशीही थंड पडतात. त्यात वय आणि मधुमेह असले की उत्तर आणखी क्षीण होते. म्हणून डायलिसिसवर असलेल्यांत नेहमीची लस पुष्कळांना लागूच पडत नाही, आणि ज्यांना पडते त्यांची प्रतिपिंडेही लवकर ओसरतात.

यावरचा उपाय म्हणजे डोस दुप्पट करणे. निरोगी प्रौढाला 20 मायक्रोग्रॅमची एक कुपी, असे तीन डोस देतात. डायलिसिसच्या रुग्णाला दर वेळी 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 च्या दोन कुप्या, आणि असे चार डोस: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा दोन महिन्यांनी, चौथा सहाव्या महिन्यात. हिशेब केला तर निरोगी माणसाला एकूण 60 मायक्रोग्रॅम आणि या रुग्णाला 160. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या 20 मायक्रोग्रॅमच्या लसींना हेच वेळापत्रक लावतात. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट तयार करते ती जेनेव्हॅक-बी त्यांच्यातलीच एक. चार तारखांपुढे चारच कुप्यांचे स्टिकर दिसले, तर अर्धीच लस गेली असे समजायचे.

लस कशी दिली यावरही पुढचा टायटर अवलंबून असतो. इंजेक्शन दंडाच्या स्नायूत, आणि तेही फिस्टुला नसलेल्या हातात घ्यायचे. कमरेवर दिले तर लस चरबीत अडकते आणि प्रतिसाद कमी येतो. हेपॅरिनमुळे रक्त पातळ असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी डायलिसिस सुरू होण्याआधीच टोचतात आणि जागा दोन मिनिटे घट्ट दाबून धरतात. आणखी एक धोका घरून येताना वाटेवर असतो. अनेक रुग्ण औषधाच्या दुकानातून कुप्या विकत घेऊन युनिटमध्ये नेतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायची असते, म्हणून मंडळी ती थेट बर्फात खुपसतात. ही लस गोठली की निकामी होते आणि पुन्हा वितळल्यावर सुधारत नाही. कुपी आणि बर्फ यांच्या मध्ये कापडाचा किंवा कागदाचा जाड थर हवा. त्याहून बरे म्हणजे युनिटच्या फ्रिजमधलीच लस घेणे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. समजा, 54 वर्षांचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. मधुमेहाने किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झाले. लस देण्याआधी त्यांच्या रक्तात तीन गोष्टी तपासल्या: विषाणूचे प्रथिन म्हणजे एचबीएसएजी, त्याविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे अँटी-एचबीएस, आणि पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का हे सांगणारी अँटी-एचबीसी. तिन्ही निगेटिव्ह आल्या. 6 जानेवारी, 6 फेब्रुवारी, 6 मार्च आणि 6 जुलै, असे चार दुहेरी डोस ठरले.

12 फेब्रुवारीला युनिटच्या नेहमीच्या तपासणीत त्यांची एचबीएसएजी पुसटशी पॉझिटिव्ह आली. घरात रडारड सुरू झाली. पण दुसरा डोस सहाच दिवसांपूर्वी झाला होता. लसीत तेच प्रथिन असते. टोचल्यावर दोन-तीन आठवडे ते रक्तात सापडू शकते आणि चाचणी त्यालाच पकडते. अशा वेळी घाईने रुग्णाला ‘पॉझिटिव्ह मशीन’वर हलवणे, म्हणजे निरोगी माणसाला खऱ्या संसर्गाच्या शेजारी नेऊन बसवणे. या रुग्णाची तपासणी चार आठवड्यांनी पुन्हा केली, जोडीला अँटी-एचबीसीही केली, दोन्ही निगेटिव्ह. ही धावपळ टाळायची असेल तर एचबीएसएजीसाठीचे रक्त डोसाच्या आधी घ्यावे, नाहीतर त्यानंतर महिनाभर थांबावे.

चौथ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर करायचा असतो. यांचा केला 20 ऑगस्टला. आकडा आला 4.6. एका मिलिलिटर रक्तद्रवात निदान 10 मिलि-इंटरनॅशनल युनिट प्रतिपिंडे असली तर माणूस सुरक्षित धरतात. चार डोस पूर्ण होऊनही हे सुरक्षित नव्हते. मग त्याच महिन्याच्या अखेरीपासून चार दुहेरी डोसांची दुसरी फेरी सुरू झाली आणि फेब्रुवारीअखेर संपली. एप्रिलमध्ये टायटर आला 78. हे जमले.

पण हिशेब इथे मिटत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये आकडा 26 झाला, त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये 7. दर वर्षी टायटर करायचा तो याचसाठी. 10 च्या खाली गेला की 40 मायक्रोग्रॅमचा एक बूस्टर पुरतो. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मधला एखादा डोस लांबला तरीही तोच नियम: राहिलेला डोस घ्यायचा आणि पुढे जायचे.

पहिला टायटर वेळेवर का करायचा, हेही या आकड्यांवरून उमजेल. समजा, तो कुणी केलाच नसता आणि दोन वर्षांनी एकदम 7 आकडा हातात आला असता. मग या माणसाला लस कधी लागूच पडली नाही, की लागू पडून नंतर ओसरली? दोन्हींत पुढची वाट वेगळी, आणि नुसत्या 7 वरून ते सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो चाचणीच्या नावात. रुग्ण लॅबमध्ये जाऊन ‘हिपॅटायटिस बीची टेस्ट’ मागतो. लॅब कार्डवर एचबीएसएजी करून ‘निगेटिव्ह’ लिहून देते, आणि लस लागू पडली म्हणून सगळे खूश होतात. त्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच, की आज संसर्ग नाही. संरक्षण आहे की नाही याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही. मागायची ती अँटी-एचबीएस, आणि तीही आकड्यात. एकीत निगेटिव्ह येणे चांगले. दुसरीत आकडा जितका मोठा तितके बरे.

दोन फेऱ्या, म्हणजे आठ दुहेरी डोस घेऊनही काहींचा आकडा 10 ओलांडत नाही. यात रुग्णाचा दोष नसतो. पण त्याला लस झालीच नाही असे धरून वागायचे: एचबीएसएजी वारंवार, शक्यतो दर महिन्याला तपासायची. बाधित रक्ताशी संबंध आलाच तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते.

या साऱ्या खटाटोपावरचा खरा उपाय डायलिसिसच्या आधीच्या काळात आहे. किडनीचे काम जितके शिल्लक, तितका लसीला प्रतिसाद चांगला. क्रिएटिनिन चढत चालले आहे आणि वर्षा-दोन वर्षांत डायलिसिस लागेल असे डॉक्टर म्हणतात, तोच लस सुरू करण्याचा काळ. दुर्दैवाने तेव्हा माणूस हिंडता-फिरता असतो आणि ‘बघू पुढे’ म्हणतो. न्यूमोनियाची न्यूमोकॉकल लस आणि दर वर्षीची फ्लूची टोचायची लस याच वेळी विचारून घ्याव्यात. किडनी बदलायचा विचार असेल तर गोवर, कांजिण्या यांच्यासारख्या जिवंत विषाणूंच्या लसींचा प्रश्न ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी मिटवावा लागतो, कारण प्रत्यारोपणानंतर त्या देत नाहीत.

तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर पुढच्या खेपेला फाइल उघडा. चौथ्या तारखेपुढचा रकाना बघा. तो कोरा असेल, किंवा तिथला आकडा वर्षापूर्वीचा असेल, तर सिस्टरना एवढेच विचारा: अँटी-एचबीएसचा टायटर कधी करायचा?