आर्गॉनमधून आरपार : काटछेद म्हणजे नेमके काय?

कणांचा झोत एखाद्या लक्ष्यावर पडून इतस्ततः विखुरला जातो, तेव्हा दर सेकंदाला विखुरलेल्या कणांच्या संख्येला येणाऱ्या झोतातील दर सेकंदाच्या, दर एकक क्षेत्रफळामागच्या कणसंख्येने भागले असता जे क्षेत्रफळ मिळते, त्याला काटछेद म्हणतात. टणक गोळ्यांच्या बाबतीत हे क्षेत्रफळ गोळ्याच्या आकाराइतकेच निघते आणि त्यामुळे काटछेद म्हणजे लक्ष्याचा आकार, अशी समजूत सहज होते. परंतु ती किती अपुरी आहे, हे कार्ल राम्साउअर यांनी 1921 मध्ये आर्गॉन वायूवर केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. चुंबकीय क्षेत्राने वर्तुळाकार वळवलेले, एकाच वेगाचे इलेक्ट्रॉन वायूतून जाताना झोत किती क्षीण होतो, हे मोजून त्यांनी काटछेद काढला. ऊर्जा 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली गेल्यावर तो झपाट्याने कमी झाला, जणू अणू जवळजवळ नाहीतच.

याचे स्पष्टीकरण फाक्सेन आणि होल्ट्समार्क यांनी 1927 मध्ये दिले. अणूचे आकर्षण केवळ केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असेल, म्हणजेच विभव केंद्रीय असेल, तर कोनीय संवेग बदलत नाही; म्हणून येणाऱ्या तरंगाची l = 0, 1, 2… अशा कोनीय संवेगांनुसार आंशिक तरंगांत विभागणी करून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करता येतो. विभव त्या तरंगाच्या फक्त कलेत बदल घडवतो. अणूपासून दूर गेल्यावर तरंगाची शिखरे मुक्त तरंगाच्या शिखरांपेक्षा किती सरकलेली दिसतात, तेच कलांतर δ होय. तरंगसंख्या k असताना सारे मिळून काटछेद असा येतो :

σ = (4π/k²) Σ (2l+1) sin²δ_l

0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे 22 अँगस्ट्रॉम असते, तर आर्गॉनच्या अणूची त्रिज्या साधारण 2 अँगस्ट्रॉम. शून्याहून अधिक कोनीय संवेगाचे तरंग अपकेंद्री अडथळ्यामुळे अणूजवळ फारसे पोहोचतच नाहीत, त्यामुळे मुख्य भार l = 0 वर पडतो. या तरंगापुरता काटछेद जास्तीत जास्त 4π/k², म्हणजे सुमारे 160 चौरस अँगस्ट्रॉम होऊ शकतो. ही मर्यादा अणूच्या आकारावर नव्हे, तर तरंगलांबीवर ठरते.

आर्गॉनचे आकर्षण इतके प्रबळ आहे की आत शिरलेल्या तरंगाच्या तीन अर्ध्या लहरी जादा बसतात आणि 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास कलांतर नेमके 3π होते. sin 3π शून्य असल्याने बाहेरचा तरंग काहीच घडले नसल्यासारखा पुढे जातो. अणूचे बल नाहीसे झालेले नसते. आतला तरंग चांगलाच बदललेला असतो, पण तो बदल बाहेर दिसत नाही. l = 1 चा अल्प वाटा उरतोच, म्हणून काटछेद पूर्ण शून्य होत नाही.

क्रिप्टॉन आणि झेनॉनमध्येही असाच खळगा आढळतो. हेलियम आणि निऑनमध्ये मात्र तो आढळत नाही, कारण त्यांच्या बाहेरील आकर्षण त्यासाठी पुरेसे पडत नाही.