गिझरची दुरुस्ती आणि घरमालकाचे पत्र

भाड्याच्या घरातला गिझर बंद पडला की पहिला आठवडा फोनवर जातो. दुसरा आठवडा ‘मेकॅनिक येतो म्हणालाय’ यात जातो. तिसऱ्या आठवड्यात भाडेकरू फोन करणे सोडून देतो आणि घर बदलण्याचा विचार करू लागतो. या टप्प्यावर घरमालकाने लेखी माफी मागणे योग्यच आहे. पण नुसत्या ‘झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत’ या वाक्याने सकाळी बादलीत गरम पाणी येत नाही. माफीला वजन येते ते तिच्यासोबत दिलेल्या तारखांमुळे. आणि खऱ्या ठरतील अशा तारखा द्यायच्या, तर आधी उशीर नेमका कुठे झाला हे कळायला हवे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडे महिना 22,000 रुपये, मालक नाशिकला राहणारे. बाथरूममध्ये 25 लिटरचा, 2,000 वॅटचा गिझर. जानेवारीत नळाचे पाणी 20 अंशांच्या आसपास असेल, तर चांगल्या स्थितीतला असा गिझर ते 60 अंशांपर्यंत साधारण 35 मिनिटांत तापवतो. हा गिझर 12 डिसेंबरला बंद पडला. इलेक्ट्रिशियन आला, त्याने थर्मल कटआऊटचे बटण दाबले, गिझर सुरू झाला. चार दिवसांनी पुन्हा बंद. मग ‘पार्ट मागवलाय’ असा निरोप आला आणि त्यापुढे काहीच झाले नाही.

उशीर झाला तो इथेच. कटआऊट हा सुरक्षेसाठी असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की तो वीज तोडतो. तो का तुटला हे न पाहता बटण दाबले, तर तो पुन्हा तुटणारच. कारण बहुधा दोनांपैकी एक असते. थर्मोस्टॅट बिघडल्यामुळे वीज वेळेवर बंद होत नाही, किंवा बोअरच्या वा टँकरच्या पाण्यातले क्षार कॉइलवर जाड थराने बसलेले असतात. तो थर कॉइलची उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि शेवटी जळते किंवा तडकते. तडकलेल्या कॉइलमधून वीज पाण्यात उतरू शकते. म्हणून गिझर लावताक्षणी अर्थ लीकेजचा ब्रेकर पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. गिझर बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

तिसरी शक्यता आतल्या टाकीची. गिझर तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे पाणी ठिबकणे नेहमीचे आहे. पण पाणी गिझरच्या खालच्या पत्र्यातून झिरपत असेल आणि त्यात गंजाचा रंग असेल, तर टाकी फुटलेली असते. तिच्यावर टिकाऊ दुरुस्ती नाही, गिझर बदलावाच लागतो. म्हणजे वेळापत्रकाला दोन वाटा हव्यात. टाकी शाबूत असेल तर कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलायचे, टाकी गेली असेल तर नवा गिझर. मेकॅनिकने उघडून पाहिल्याशिवाय यातली कोणती वाट हे कोणालाच सांगता येत नाही. ‘दोन दिवसांत होईल’ हे आश्वासन म्हणूनच वारंवार मोडते.

आता मालकाचे पत्र असे लिहिता येईल:

‘स. न. वि. वि.

12 डिसेंबरला तुम्ही गिझर बंद असल्याचे कळवले. आज 6 जानेवारी. पहिल्या दुरुस्तीनंतर तो पुन्हा बंद पडला, तेव्हा मी दुसरा माणूस पाठवायला हवा होता. पार्ट खरोखर मागवला आहे का, याचीही मी चौकशी केली नाही. ऐन थंडीत तुमच्या घरातल्या सर्वांना याचा त्रास झाला. चूक माझी आहे आणि मी त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पुढचे काम असे ठरवले आहे. मंगळवार, 7 जानेवारीला सकाळी 10 ते 12 या वेळात मेकॅनिक येऊन गिझर उघडून पाहील. टाकी चांगली असेल, तर कॉइल आणि थर्मोस्टॅट गुरुवार, 9 जानेवारीपर्यंत बदलले जातील. टाकी गळत असेल, तर नवा 25 लिटरचा गिझर शुक्रवार, 10 जानेवारीला बसवला जाईल. दोन्ही वेळी सॉकेट आणि अर्थिंग तपासले जाईल. वेळ सोयीची नसेल तर कळवा, तुमच्या परवानगीशिवाय कोणी घरात येणार नाही.

शनिवार, 11 जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत गरम पाणी सुरू झाले नाही, तर तुम्ही स्वतः काम करून घ्यावे. बिलाची रक्कम फेब्रुवारीच्या भाड्यातून वजा करण्यास माझी या पत्राने संमती आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल जानेवारीच्या भाड्यात 2,000 रुपये कमी द्यावेत.’

या पत्राचा खरा आधार त्याच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तारीख चुकली तर काय, याचे उत्तर मालकाने आपणहून दिल्यामुळे भाडेकरूला पुन्हा फोन करत बसावे लागत नाही. कायद्यालाही हा मार्ग ओळखीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. भाडेकरूने लेखी नोटीस दिल्यावर किमान 15 दिवसांच्या वाजवी मुदतीत मालकाने ती दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात ही मर्यादा 66,000 रुपये येते, म्हणजे गिझरच्या खर्चाला ती आड येत नाही.

एक सावधगिरी इथे हवी. शहरांत आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याने कलम 14 वर विसंबून परस्पर भाडे कापू नये. त्याचा आधार म्हणजे नोंदणी केलेला करार आणि मालकाची लेखी संमती. वरच्या पत्रातले संमतीचे वाक्य म्हणूनच त्याच्यासाठी फार मोलाचे आहे. भाड्यातल्या सवलतीला ठरलेले सूत्र नाही, ती दोघांनी मिळून ठरवायची.

मधल्या दिवसांत अनेक घरांत बादलीत टाकायचा रॉड येतो. 1,500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, त्यामुळे पंख्या-दिव्याच्या छोट्या सॉकेटवर तो लावू नये, 16 अँपिअरचे सॉकेटच वापरावे. बादली प्लॅस्टिकची असावी आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून पाहू नये. घरात लहान मुले असतील, तर मालकाने रॉडवर न सोडता गिझरच्याच जागी तात्पुरता छोटा इन्स्टंट गिझर लावून द्यावा.

काम झाल्यावर मेकॅनिक दारात असतानाच गिझर पूर्ण तापवून पाहावा. तो आपोआप बंद होऊन दिवा विझतो का, हे पाहिले की थर्मोस्टॅट चालतो याची खात्री होते. बिल आणि वॉरंटी कार्डाची एक प्रत भाडेकरूकडे राहू द्यावी, कारण पुढच्या वेळी कंपनीला मॉडेल आणि खरेदीची तारीख सांगायला तोच घरी असतो. पाणी क्षारयुक्त असेल तर कॉइल दरवर्षी थंडीपूर्वी साफ करून घ्यावी, आणि तो खर्च कोणी करायचा हे पुढच्या करारात एका ओळीत लिहून टाकावे.