डिस्क वाचवायची की डेटा?

संगणक सुरू होईना म्हणून बायोस उघडावं, तर आपल्या एसएसडीच्या जागी कधी न ऐकलेलं नाव दिसतं: SATAFIRM S11. डिस्क २४० जीबीची, पण क्षमता शून्य किंवा काही एमबी. काही डिस्कवर आकडा मूळचाच राहतो, तरी एकही फाइल उघडत नाही. व्हायरस शिरला किंवा दुकानदाराने बनावट माल दिला, असा संशय इथे अनेकांना येतो. तसं काही नसतं. ज्यांच्यात फायसन या तैवानी कंपनीचा एस-११ कंट्रोलर असतो, अशा बऱ्याच स्वस्त एसएसडी आजारी पडल्या की हेच नाव सांगतात, मग वरचं लेबल कोणाचंही असो.

एसएसडीचं मुख्य फर्मवेअर, म्हणजे तिचा कारभार चालवणारा प्रोग्राम, आपल्या फाइली ज्या मेमरी चिपवर असतात तिथेच एका राखीव भागात असतो. कंट्रोलरमध्ये कायमचा कोरलेला असतो तो फक्त छोटासा आरंभीचा कोड. वीज आली की हा कोड राखीव भागातून फर्मवेअर वाचतो आणि त्याच्या हाती कारभार देतो. ते वाचताच आलं नाही तर कोड तिथेच थांबतो. मालक यायच्या आधी दुकानाचं शटर उघडणाऱ्या पोऱ्यासारखी त्याची अवस्था असते. विचारलं तर नाव सांगेल, पण माल कुठे ठेवलाय हे त्याला ठाऊक नसतं. लेबलावरचं नाव आणि खरी क्षमता फर्मवेअरकडे असते, म्हणून पडद्यावर कारखान्यातलं नाव उमटतं.

राखीव भाग बिघडण्याची कारणं दोन. एक म्हणजे मेमरीच्या पेशी झिजतात. दुसरं, ऐन लिहिताना वीज जाते. कोणती फाइल कुठल्या चिपच्या कुठल्या पानावर आहे याचा नकाशा कंट्रोलर सतत बदलत असतो. एस-११च्या डिस्कमध्ये या नकाशासाठी वेगळी डीरॅम चिप नसते, त्यामुळे तो वारंवार मेमरी चिपवरच लिहावा लागतो. तो अर्धवट राहिला की पुढच्या वेळी डिस्क उठतच नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही डिस्क अचानक वीज गेल्यावर फक्त ८ एमबीच्या दिसू लागल्या आणि अनुक्रमांकाच्या जागी BAD_CTX अशी अक्षरं आली. त्या ऑगस्टमध्ये इंटेलने नवं फर्मवेअर दिलं. पण आधीच बिघडलेली डिस्क वापरात आणायची तर ती पूर्ण पुसावी लागे. डिस्क परत मिळे, डेटा जाई.

आजही नेमकी इथेच फसगत होते. समजा, एखाद्या फोटोग्राफरच्या डिस्कवर लग्नाचे फोटो आहेत आणि ती SATAFIRM S11 दाखवते आहे. दुकानदार म्हणतो, "दादा, तासाभरात चालू करून देतो." त्याच्याकडे कारखान्यात नव्या डिस्क तयार करायचं सॉफ्टवेअर असतं. ते फर्मवेअर पुन्हा घालतं खरं, पण त्याबरोबर जुना नकाशा पुसून कोरा बनवतं. डिस्क २४० जीबीची दिसते आणि रिकामी असते. त्यानंतर फोटो परत मिळण्याची आशा जवळपास उरत नाही.

डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेची वाट वेगळी असते. डिस्कच्या सर्किटवरची ठरावीक टोकं जोडून तंत्रज्ञ कंट्रोलरला आरंभीच्या अवस्थेत थांबवतो. मग पीसी-३००० सारख्या यंत्रातून एक तात्पुरता प्रोग्राम कंट्रोलरच्या स्मृतीत चढवतो. मेमरी चिपवर काहीच लिहिलं जात नाही. हा प्रोग्राम चिपमधून नकाशाचे तुकडे गोळा करून तो नव्याने जुळवतो आणि सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. चिप धडधाकट असतील तर बहुतेक सगळं हाती येतं. नकाशाची जुनी आवृत्तीच सापडली तर शेवटी ठेवलेल्या फाइली हरवतात, आणि पेशी झिजलेल्या असतील तर काही फाइली तुटक निघतात. चिप उखडून थेट वाचणं सहसा फळत नाही, कारण कंट्रोलर डेटा विस्कटून लिहितो, काही कंट्रोलर तर तो कूटबद्धही करतात. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर डेटा निघाल्यावरही तुमची रिकव्हरी की लागतेच.

केबल आणि पोर्ट एकदा बदलून पाहायला हरकत नाही, पण सैल केबलमुळे डिस्कचं नाव असं बदलत नाही. विंडोजने Initialize Disk विचारलं तर नकार द्या. डिस्क योगायोगाने एखाद्या वेळी नीट उठली, तर दुसरं काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. नाही उठली तर काढून बाजूला ठेवा, आणि दुकानात देताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा: तुम्ही डिस्क चालू करणार आहात, की डेटा काढणार आहात?