पगारावरचा टीडीएस म्हणजे मालकाने बांधलेला अंदाज

पगारावर टीडीएस किती टक्के कापतात, असं विचारलं तर अकाउंट्समधला माणूस आकडा सांगत नाही. सांगणार तरी काय, असा ठरलेला आकडाच कायद्यात नाही. एकट्याने काम घेणाऱ्या कंत्राटदाराचं बिल चुकवताना एक टक्का कापायचा, वकिलाची फी देताना दहा टक्के, हे ठरलेलं आहे. ते कापणाऱ्याला पुढच्या महिन्याचा विचार करावा लागत नाही. पगाराचं तसं नाही. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९२ नुसार मालकाने कर्मचाऱ्याचं पूर्ण वर्षाचं पगारी उत्पन्न आधी अंदाजायचं, त्यावरचा कर काढायचा आणि त्या सरासरी दराने दर महिन्याला कापत जायचं. म्हणजे एप्रिलच्या सॅलरी स्लिपवर दिसणारी वजावट पुढच्या मार्चपर्यंत काय काय घडेल, याच्या अंदाजावर उभी असते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला आणि हे कलम ३९२ क्रमांकावर गेलं. हिशेबाची रीत तीच राहिली. या लेखातली उदाहरणं २०२५-२६ या वर्षाची असल्याने क्रमांक जुनेच वापरले आहेत.

ही युक्ती भारताची नाही. ब्रिटनमध्ये १८०३ साली हेन्री ॲडिंग्टनने उत्पन्न जिथून निघतं तिथेच कर कापून घ्यायची पद्धत आणली. आपल्याकडे १९२२ च्या आयकर कायद्यात पगारावरची वजावट कलम १८ मध्ये होती. कारण व्यवहारी आहे. पगारदाराचं उत्पन्न त्याच्याआधी त्याच्या मालकाला ठाऊक असतं, आणि लाखो माणसांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्या मालकांकडून वसुली करणं सरकारला स्वस्त पडतं. वर पैसा वर्षअखेरीची वाट न पाहता महिन्या-महिन्याला तिजोरीत येतो. कापलेली रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, फक्त मार्चच्या वजावटीला ३० एप्रिलपर्यंत मुदत. पगारदाराचा फायदाही आहे, जरी स्लिप बघताना तो जाणवत नाही: जुलैत एकदम लाखभर रुपये उभे करावे लागत नाहीत.

आता गुरुग्राममधल्या एका कंपनीतली नोकरी धरू. पगार महिना सव्वा लाख, वर्षाचे १५ लाख, नवी करप्रणाली. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट जाऊन उरतात १४,२५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चारांवर दहा टक्क्यांनी ४०,०००, आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर पंधरा टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर चार टक्के उपकर धरून ९७,५००. बाराने भागलं की महिन्याला ८,१२५. पुणं सोडून इकडे आलेल्या माणसाला एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते, ती व्यवसाय कर. महाराष्ट्रात कापला जाणारा तो कर दिल्ली, हरियाणा किंवा उत्तर प्रदेशात नाही.

ऑक्टोबरात याच माणसाला दोन लाखांचा बोनस मिळाला, की अंदाज मोडतो. नवं करपात्र उत्पन्न १६,२५,०००, त्यावरचा कर उपकरासह १,३०,०००. सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांत ४८,७५० कापून झालेले. राहिलेले ८१,२५० मालक उरलेल्या सहा महिन्यांत सारखे वाटतो, म्हणजे महिन्याला साधारण १३,५४२, किंवा वाढीव ३२,५०० बोनसच्याच महिन्यात कापून मोकळा होतो. कमी-जास्त झालेलं त्याच वर्षात पुढे जुळवून घ्यायची मुभा कलम १९२(३) देतं, म्हणून दोन्ही रीती चालतात. ऑफिसात मात्र ‘बोनसपेक्षा टॅक्सच जास्त कापला’ अशी कुरकूर होते. ती चूक असते. फक्त सहा महिन्यांचा वाढीव कर एका स्लिपवर आलेला असतो.

खरी गडबड होते ती मालकाला अर्धंच वर्ष दिसतं तेव्हा. वर्षाच्या मधे नोकरी बदलणं एनसीआरमध्ये नेहमीचंच. समजा, एक मुलगी एप्रिल ते सप्टेंबर पुण्यात महिना एक लाखावर होती. त्या कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, पंचाहत्तर हजार वजा केले. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत आलं की नव्या प्रणालीत सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून कंपनीने काहीच कापलं नाही. अंदाज प्रामाणिक होता. ऑक्टोबरात मुलगी दीड लाखावर गुरुग्रामला आली. नव्या कंपनीने सहा महिन्यांचे नऊ लाख धरले, पुन्हा पंचाहत्तर हजार वजा केले, पुन्हा शून्य. दोन्ही स्लिपा स्वच्छ. पण वर्षाचा पगार १५ लाखच, आणि त्यावरचा कर वर काढला तेवढाच: ९७,५००. प्रमाणित वजावट आणि सवलत दोघांनीही एकेकदा दिली, तिला ती मिळायला हवी होती एकदाच, तीही सगळी बेरीज करून.

हे तिला कळतं जुलैमध्ये, विवरणपत्र भरताना. शिवाय व्याज. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल आणि मार्चनंतरच्या महिन्यांचं धरून, जुलैअखेर पैसे भरले तर ते साधारण पावणेनऊ हजारांच्या घरात जातं. टाळायचा उपाय म्हणजे फॉर्म १२बी. आधीच्या नोकरीतला पगार आणि कापलेला कर त्यात लिहून नव्या मालकाला द्यायचा. मग गुरुग्रामची कंपनी पंधरा लाखांवर हिशेब करते आणि सहा महिने १६,२५० कापते. स्लिप बघून पोटात गोळा येईल, पण जुलै शांत जातो. हा फॉर्म देण्याची सक्ती कर्मचाऱ्यावर नाही आणि नव्या ठिकाणी जुना पगार उघड करायला बरेचजण बिचकतात. तसं असेल तर निदान आगाऊ कर स्वतः भरावा. ओळखायची खूण सोपी आहे: नोकरी बदलल्यावर पगार वाढला आणि टीडीएस मात्र कमी झाला किंवा शून्य राहिला, तर काहीतरी सुटलं आहे.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांची कहाणी निराळी. २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते. कर्मचाऱ्याने काही कळवलं नाही तर मालक तिच्याच दराने कापतो. जुनी मागितली, की घरभाडं भत्ता आला, आणि इथे एनसीआरचा नकाशा आडवा येतो. भत्त्यावरची सूट तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढी: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचा दहावा भाग वजा जाऊन उरलेली रक्कम, आणि मूळ पगाराचे ५० किंवा ४० टक्के. २०२५-२६ मध्ये पन्नास टक्के फक्त दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी होते. नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादला चाळीस.

मेट्रोच्या ब्लू लाइनवर न्यू अशोक नगर दिल्लीत येतं, पुढचं स्टेशन नोएडा सेक्टर १५. मूळ पगार ६०,०००, भत्ता ३०,०००, भाडं ३५,००० असलेला माणूस अलीकडे राहिला तर महिना २९,००० ची सूट, पलीकडे २४,००० ची. वर्षाला साठ हजारांचा फरक, तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह १८,७२० रुपये कर. नियम राहत्या घराच्या गावाकडे बघतो, ऑफिसच्या नाही. कनॉट प्लेसला नोकरी करून नोएडात राहणाऱ्याला चाळीसच, आणि गुरुग्रामला जाऊन द्वारकेत राहणाऱ्याला पन्नास. पेरोलमध्ये ऑफिसचं शहर टाकलेलं असेल तर वर्षभर चुकीचं कापलं जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

भत्त्याची सूट एप्रिलपासून कर्मचाऱ्याच्या शब्दावर दिलेली असते. डिसेंबर-जानेवारीत ‘प्रूफ सबमिट कर दीजिए’ असे मेल सुरू होतात: भाडेपावत्या, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन. घरमालक पॅन द्यायला का-कू करतो, तारीख उलटते, पोर्टल बंद होतं. मग नोएडाच्या त्या माणसाची २,८८,००० ची सूट हिशेबातून गळते आणि जवळपास नव्वद हजार रुपये जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून वसूल होतात, महिन्याला तीस हजार जास्तीचे. विवरणपत्रात सूट मागून ते परत मिळवता येतात, पण मधल्या काळात घरभाडं भरायचं असतंच.

मालक एवढा काटेकोर का? पूर्वी तो नव्हता. २००९ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रवास सवलतीचे पैसे कर्मचाऱ्याने खरोखर प्रवासावर खर्च केले का, याचे पुरावे गोळा करण्याचं बंधन मालकावर नाही. सरकारने २०१५ च्या वित्त कायद्याने कलम १९२(२डी) घालून ते बंधन आणलं आणि २०१६ पासून फॉर्म १२बीबी आला. त्यानंतर ४ नोव्हेंबर २०२२ ला स्टेट बँकेचा निकाल लागला. तिच्या काही कर्मचाऱ्यांनी प्रवास सवलतीवर दिल्ली-मदुराई-कोलंबो-क्वालालंपूर-सिंगापूर-कोलंबो-दिल्ली अशी फेरी केली होती. सवलत भारतातल्या प्रवासापुरती. बँकेने तरीही रक्कम करमुक्त धरली आणि आपला अंदाज प्रामाणिक होता असा बचाव केला. न्यायालयाने तो मानला नाही: बिलं बँकेच्याच हातात होती, परदेशी टप्पे त्यांत दिसत होते. मालकाचा अंदाज चुकला तर चालतो, पण समोरचा कागद न वाचता तो बांधलेला चालत नाही. न कापलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज मालकाच्या खिशातून जातं.

कापलेल्या पैशांचा माग गाझियाबादला लागतो. वैशाली सेक्टर ३ मधल्या आयकर भवनात टीडीएसचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र आहे; देशभरातल्या मालकांची तिमाही विवरणपत्रं, पगाराची असतील तर २४क्यू, तिथे तपासली जातात. पहिल्या तीन तिमाहींत फक्त कापलेले आणि भरलेले आकडे जातात. पूर्ण वर्षाचा पगार, सूट, वजावटी हे सगळं चौथ्या तिमाहीच्या विवरणपत्रात, ३१ मेपर्यंत. त्यावरून १५ जूनपर्यंत फॉर्म १६ मिळतो. तोवर थांबायची गरज नाही: प्रत्येक तिमाहीनंतर २६एएस उघडून स्लिपवरचा आकडा तिथे आला का, ते पाहता येतं.

आला नसेल, तर मालकाने कापलं पण भरलं नाही, अशी शक्यता असते. किंगफिशर एअरलाइन्समध्ये तेच झालं आणि कर्मचाऱ्यांना कराच्या मागणीच्या नोटिसा गेल्या. कायद्याचं कलम २०५ म्हणतं, की पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा तो कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे २००७ मध्ये सांगितलं होतं, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये किंगफिशरच्याच एका कर्मचाऱ्याच्या याचिकेवर पुन्हा सांगितलं. कर कापल्याचा पुरावा मात्र कर्मचाऱ्यानेच द्यायचा. कंपनी बुडाली की तिचं पोर्टलही जातं, म्हणून सॅलरी स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट महिन्याच्या महिन्याला उतरवून आपल्याकडे ठेवलेलं बरं.