एका अक्षराचा फरक
मार्च २०२०. करोनासाठी पीएम केअर्स निधी जाहीर झाला. त्याचा खरा यूपीआय आयडी होता pmcares@sbi. पाठोपाठ pmcare@sbi असा खोटा आयडी फिरू लागला. फक्त एक अक्षर गाळलेलं. घाईत ते कुणाच्या लक्षात येणार? म्हणूनच अशा मेसेजमध्ये ‘आज रात्रीपर्यंतच’, ‘लेकरं उपाशी आहेत’ असं लिहिलेलं असतं. फोन करून खात्री करावी, तर गावाचं नाव नसतं की संस्थेचं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, तिथे थांबा. निधीऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका. नाव मिळतंजुळतंही असू शकतं, म्हणून आयडी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.