ऊन बाराला, उष्मा चारला

मुलांना सुट्टी लागते ती मे महिन्यात, लग्नांचे मुहूर्तही तेव्हाचेच, आणि पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी अहमदाबाद येतं. त्यामुळे ‘ऐन उन्हाळ्यात तिकडे जाऊ नका’ हा सल्ला कितीही योग्य असला, तरी तो प्रत्येकाला पाळता येतोच असं नाही. जायचंच असेल तर या शहरात उन्हाळ्याचा दिवस कसा कापायचा, हे मात्र आधी ठरवून जावं.

अहमदाबादला हा धडा फार महागात पडून मिळाला आहे. मे २०१० मध्ये तिथला पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णतेच्या लाटेसाठी स्वतंत्र कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातल्या शहरांमधला हा असा पहिला आराखडा. तापमानाचा अंदाज ४१ अंशांच्या वर गेला की पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी आणि ४५ ला लाल, अशी त्याची ढोबळ विभागणी आहे. प्रवाशालाही ती थेट वापरता येते. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. पिवळ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ फिरता येतं. नारिंगी दिवशी फक्त सकाळ ठेवावी. लाल दिवशी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन बाहेर पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दिवसाकडे वळू. ‘दुपारी बारा ते तीन घरात थांबा’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे डोक्यावरचं ऊन, दुसरी म्हणजे हवेची तापलेली अवस्था. अहमदाबाद देशाच्या पश्चिमेला असल्यानं तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर मे महिन्यात साधारण बारा पस्तीसला. त्या सुमारास तो इतका नेमका डोक्यावर असतो की भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. हवा मात्र तेव्हा अजून तापतच असते. जमीन, डांबर, दगड, गच्च्या तापतात आणि मग त्यांच्यामुळे हवा तापते, म्हणून पारा सर्वांत वर जातो तो साडेतीन-चारच्या आसपास. चार वाजता ऊन तिरपं झालेलं दिसतं आणि माणसं ‘आता उतरलं’ म्हणून बाहेर पडतात. नेमकी तीच दिवसातली सर्वांत तप्त हवा असते.

ऊन किती कडक आहे हे ओळखायला आपली सावलीच पुरते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की कातडी भाजणारे किरण जोरात आहेत असं समजावं. अहमदाबादेत मेच्या मध्याला ही वेळ साडेनऊच्या जरा आधीपासून पावणेचारपर्यंतची. त्याला हवेचा उष्मा जोडला की फिरण्याचे तास उरतात ते दोनच ठिकाणी: पहाटे सहापासून फार तर दहापर्यंत, आणि संध्याकाळी सव्वासहानंतर. मधले आठ तास सावलीचे, जेवणाचे, झोपेचे.

समजा, पुण्याचं एक कुटुंब दोन दिवसांसाठी आलं आहे. आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाची गोळी घेणारे आजोबा. पहिल्या सकाळी त्यांना जुनं शहर पाहायचं आहे. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून पोळांमधून जामा मशिदीपर्यंतचा रस्ता हा इथला प्रसिद्ध पायी फेरफटका. महापालिकेची हेरिटेज वॉक याच वाटेनं जाते. पोळ म्हणजे अरुंद गल्लीभोवती दाटीनं बांधलेली घरांची वस्ती. घरं एकमेकांना इतकी लगटून की सूर्य वर चढेपर्यंत गल्लीत ऊन उतरतच नाही. सकाळी साडेसहाला निघालं तर हा सगळा भाग सावलीतून होतो. उंच खांबावरचे चबुतरे, लाकडी नक्षीचे खांब, दारात बसून भाजी निवडणाऱ्या बायका, सगळं निवांत पाहता येतं.

अडचण येते ती शेवटी. जामा मशिदीचं प्रांगण विस्तीर्ण, उघडं आणि दगडी फरसबंदीचं आहे, आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. साडेदहाला तिथे पोचलेल्या माणसाचे तळवे चार पावलांत पोळतात. मुलं रडायला लागतात, म्हातारी माणसं घाईनं पाय उचलताना तोल जाऊन पडतात. म्हणून पिशवीत प्रत्येकासाठी जाड सुती मोज्यांचा एक जोड ठेवावा आणि मशिदीत नऊच्या आत पोचावं. बायका नळाशी भांडी घासताहेत आणि फरशी अजून गार आहे, अशा वेळी पोळ सोडवत नाही हे खरं. तरी सोडावी.

अंगावर सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. बिनबाह्यांच्या कपड्यांत मोकळं वाटतं, पण हवेचं तापमान कातडीपेक्षा जास्त झालं की उघड्या कातडीवर ऊन आणि झळ दोन्ही येतात. टोपीपेक्षा छत्री बरी, कारण ती मान आणि खांदेही झाकते. उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं, मात्र त्यानं कातडी भाजणं कमी होतं, शरीर तापणं थांबत नाही. त्यासाठी ओला पंचा कामाला येतो. मे महिन्यात तिथली हवा कोरडी असते, त्यामुळे मानेवरचा पंचा भराभर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. जूनमध्ये पावसाआधी हवेत दमटपणा वाढला की ही सोय जवळपास संपते. घाम येतो पण वाळत नाही, आणि ४१ अंशांतही कोरड्या ४४ अंशांपेक्षा जास्त जीव घुसमटतो.

पाण्याचं गणित तहानेवर सोडू नये. उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसानं दर वीस मिनिटांनी साधारण पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी प्यावं. तीन तासांच्या सकाळीला माणशी दोन लिटर धरून चालावं. दोन तास काहीच न पिता मग एका दमात बाटली संपवणं उपयोगाचं नाही. शिवाय तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ अशी उष्म्यासारखीच लक्षणं दिसतात. म्हणून मधूनमधून मीठ पोटात जायला हवं. अहमदाबादेत जेवणाबरोबर छास, म्हणजे आपलं पातळ ताक, सगळीकडे मिळते. मीठ घातलेली छास किंवा लिंबू सरबत यासाठी उत्तम. ओआरएसची पुडी जवळ असावी आणि ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आजोबांची गोष्ट वेगळी आहे. उतारवयात तहान उशिरा लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून पाणी बाहेर काढतात, आणि काहीजणांना डॉक्टरांनी मीठ-पाणी मोजून घ्यायला सांगितलेलं असतं. उन्हाळ्यातल्या प्रवासात गोळीचं आणि पाण्याचं प्रमाण काय ठेवायचं, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावं. गोळी आपल्या मनानं बंद करू नये. सगळ्यांसाठी एक साधी खूण म्हणजे लघवीचा रंग. दुपारपर्यंत ती गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर सकाळी पाणी कमी पडलं.

दुपार खोलीत जाते, म्हणून खोली निवडताना पैसे तिथे वाचवू नयेत. गच्चीखालची खोली नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच उन्हात माणूस लवकर कोसळतो. ४० अंशांच्या वर गेलेल्या खोलीत नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तिथे एसी हवा, नाहीतर अंगावर ओलं कापड घेऊन पंखा.

संध्याकाळी सव्वासहाला सीदी सैयदच्या मशिदीकडे निघावं. झाडाच्या फांद्या कोरलेल्या तिथल्या प्रसिद्ध जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत. त्यामुळे उतरता सूर्य त्यांच्या मागे येतो आणि दगडातली प्रत्येक फांदी उजळते. सोयीची वेळ आणि पाहण्याची वेळ इथे एकच आहे. दुसऱ्या सकाळी शहराबाहेरची अडालजची वाव. १४९९ मधली ही पाच मजले खोल पायऱ्यांची विहीर. जसजसं खाली जावं तसतशी हवा निवते, कारण खोल मातीचं तापमान दिवसाच्या उन्हानं फारसं बदलत नाही आणि खालची जड, गार हवा तिथेच साचून राहते. पण खालच्या गारव्यात तासभर रमून नऊच्या पुढे वर यायला लागलं की चढ आणि ऊन एकदम भेटतात. आजोबांना दर मजल्यावर थांबू द्यावं. आणि वर आल्यावर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कुणालाही लगेच बसवू नये, चारही दारं उघडून ती आधी निववावी.

आता सर्वांत महत्त्वाचं. ऊन लागायची सुरुवात बहुधा पायात वांब येण्यानं होते. त्यानंतर भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, फिकुटलेला चेहरा. इथे फिरणं संपलं. सावलीत आडवं करावं, पाय उंच ठेवावेत, कपडे सैल करून अंग ओलं करावं, घोटघोट ओआरएस द्यावं. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठावा.

खरा धोका वागण्यातून कळतो. बोलके आजोबा गप्प होतात, विनाकारण चिडतात, रोजच्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतात, चालताना झोकांड्या जातात. मुलगी रडायची थांबून सुस्त पडते. कातडी कोरडी असेलच असं नाही. चालून दमलेल्या माणसाला उष्माघातातही घाम येत असतो, आणि त्या घामावर विसंबून लोक मोलाची मिनिटं घालवतात. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांवर गेलं आणि भान हरपायला लागलं की तो उष्माघात. १०८ ला फोन लावावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. मिळेल त्या पाण्यानं माणसाला डोक्यापासून पायापर्यंत भिजवावं, जोरात वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही. खिशातला कांदाही शरीर थंड करत नाही, पाणी आणि वारा करतात. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती उतरतं, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

नुसती चक्कर येऊन सावरलेला माणूसही दुसऱ्या दिवशी ‘आता ठणठणीत आहे’ म्हणतो. त्याला वाव दाखवायला नेऊ नये. एक-दोन दिवस त्याचं शरीर उष्णतेला नेहमीपेक्षा लवकर हार जातं, म्हणून तो दिवस खोलीत आणि परतीचा प्रवास एसी डब्यात.